चुका एकमेकींना खातात तेव्हा

1969 साली इंग्लंडमध्ये बेट्स आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी विमान प्रवासी वाहतुकीचे दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज घेतले आणि त्यांची सरासरी काढली. ती दोन्ही अंदाजांपेक्षा कमी चुकली. (ग्रेंजर यांना पुढे 2003 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण दुसऱ्याच कामासाठी.) चांगल्या अंदाजात कमी चांगला मिसळला, तर मिश्रण चांगल्यापेक्षाही सरस कसं होईल?

समजा, उद्याचं तापमान सांगणारी दोन मॉडेल आहेत. एकाची चूक साधारण 2 अंश असते, दुसऱ्याची अडीच. उद्या प्रत्यक्षात 40 अंश झाले, पहिल्याने 42 सांगितले होते आणि दुसऱ्याने 37. सरासरी साडेएकोणचाळीस, म्हणजे चूक अर्ध्या अंशाची. दोघंही एकाच बाजूला चुकले असते, तर सरासरी दोघांच्या मध्ये कुठेतरी पडली असती. म्हणजे फायदा होतो तो चुका विरुद्ध बाजूंच्या असतात त्या दिवशी. दोन्ही चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर असे दिवस निम्मे येतात आणि सरासरीची चूक साधारण 1.6 अंशांवर उतरते. चांगल्या मॉडेलच्या 2 पेक्षाही कमी.

मग पहिल्याला जास्त वजन का देऊ नये? हिशेबाने योग्य वजनं निघतात 61 आणि 39 टक्के, आणि चूक होते 1.56 अंश. सगळा लाभ एवढाच! शिवाय ही वजनं आपल्याला आयती मिळत नाहीत, मागच्या थोड्याशा नोंदींवरून काढावी लागतात. नोंदी कमी असल्या की एखाद्या मॉडेलच्या नशिबालाच आपण हुशारी समजतो आणि पुढच्या वर्षी वजनं उलटी पडतात. मिळणारा लाभ चार शतांशांचा आणि वजनं चुकल्याचा तोटा त्याहून मोठा, असं सहज घडतं. ‘सर्वोत्तम मॉडेल’ निवडणं हे तर सगळं वजन एकावरच टाकणं. जेम्स स्टॉक आणि मार्क वॉटसन यांनी 2004 मध्ये सात देशांच्या आर्थिक वाढीचे अंदाज तपासले, तेव्हाही साध्या सरासरीपुढे चतुर वजनं फिकी पडली. त्यांनी याला कोडंच म्हटलं. मला मात्र वरच्या हिशेबानंतर ते फारसं कोडं वाटत नाही.

पण दोन्ही मॉडेलं बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकत असतील, तर सरासरीची चूक 2.1 अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि एकटं पहिलं मॉडेल बरं ठरतं. दोघांना एकाच ठिकाणची सदोष आकडेवारी पुरवली, तर नेमकं हेच होतं. दुसऱ्याची चूक 4 अंशांची असेल, तर चुका स्वतंत्र असूनही सरासरी हरते. म्हणून मॉडेलं जमवताना कोण किती चुकतं याबरोबरच चुकांची चिन्हंही पाहावीत: मागच्या नोंदींत दोन्ही अंदाज एकाच वेळी जास्त किंवा एकाच वेळी कमी किती वेळा गेले, हे मोजावं. आठ-दहा मॉडेलांमध्ये एखादंच भरकटणारं असेल, तर सरासरीऐवजी मधला अंदाज घ्यावा. त्यासाठी कोणतीही वजनं काढावी लागत नाहीत.