क्रोमियम, तांबे आणि एका इलेक्ट्रॉनची जागा

क्रोमियमचा अणुक्रमांक २४. आतले १८ इलेक्ट्रॉन अरगॉनसारखे, म्हणून ते [Ar] असे लिहून मोकळे व्हायचे. उरले सहा. अकरावीत शिकवलेल्या क्रमाने आधी 4s भरली, मग 3d, तर उत्तर येते 3d⁴4s². पण क्रोमियमच्या वाफेचा वर्णपट 3d⁵4s¹ सांगतो. तांब्यातही 3d⁹4s² ऐवजी 3d¹⁰4s¹ आढळते.

‘अर्धी किंवा पूर्ण भरलेली d स्थिर असते’ एवढ्यावर बहुतेक पुस्तके थांबतात. खरे कारण त्याच्या मागे आहे. इथे 3d आणि 4s यांच्या ऊर्जा इतक्या जवळ येतात की इलेक्ट्रॉनांचे आपसातले प्रतिकर्षण निकाल ठरवते. एकाच कक्षिकेत दोघे राहिले तर ते वाढते. वेगळ्या कक्षिकांत, पण एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून मुळातच दूर राहतात, म्हणून अशी प्रत्येक जोडी थोडी ऊर्जा वाचवते. 3d⁴ मध्ये अशा सहा जोड्या होतात, 3d⁵ मध्ये दहा. शिवाय 4s मधली दाटीही मोडते. तांब्यात भर केंद्रकाच्या ओढीवर आहे. २९ प्रोटॉनांच्या ओढीने आतली 3d बरीच खाली गेलेली असते, त्यामुळे शेवटचा इलेक्ट्रॉन तिथेच जातो.

आयन लिहिताना मात्र भरण्याचा क्रम उलटा फिरवायचा नाही. इलेक्ट्रॉन आधी 4s मधून जातात, कारण धनप्रभार वाढताच 3d आणखी खाली ओढली जाते. त्यामुळे दोन किंवा अधिक धनप्रभाराच्या आयनात 4s रिकामीच असते. Cr³⁺ साठी २४ मधून १८ आणि ३ वजा करा: [Ar]3d³. सुरुवात चुकीच्या 3d⁴4s² पासून केली तरी हेच उत्तर येते! अपवाद विसरल्याचा फटका Cu⁺ ला बसतो. योग्य उत्तर 3d¹⁰, पण 3d⁹4s² मधून एक काढला की 3d⁹4s¹ उरते.

4s आधी रिकामी होते हे चुंबकत्वावरून पडताळता येते. त्यासाठी Fe³⁺ घ्यावा, कारण Fe²⁺ मध्ये दोन्ही पद्धतींनी चारच एकटे इलेक्ट्रॉन येतात. Fe³⁺ मध्ये 3d⁵ असेल तर पाच एकटे, 3d³4s² असेल तर तीन. अनेक साध्या फेरिक क्षारांचे मोजमाप पाचांशी जुळते.

‘पूर्ण भरलेली d’ हा नियमही फार ताणू नये. Cu⁺ ची d पूर्ण भरलेली, तरी पाण्यात तो टिकत नाही. त्याचे तांबे आणि Cu²⁺ होतात. Cu²⁺ भोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट बसतात की त्यातून सुटणारी ऊर्जा दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च भरून काढते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात असतो तो हाच 3d⁹ आयन.