‘कोणी केलं नाही’ म्हणजे रिसर्च गॅप नव्हे

प्रिय स्नेहल,

आरआरसीसमोर ‘तुमचा रिसर्च गॅप कोणता?’ असं विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनं तुझी झोप उडाली आहे. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये उत्तर आहे: ‘आमच्या तालुक्यातील आशा सेविकांवर अद्याप संशोधन झालेले नाही.’ हे खरंही असेल, पण तो गॅप नव्हे. शेजारच्या तालुक्यात आढळलं तेच इथंही आढळणार असेल, तर चार वर्षं घालवून हाती नवं काय लागणार?

डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास बघ. स्त्रीरोगांवर तोवर कोणी लिहिलंच नव्हतं, असं नाही. पण ती माहिती मुख्यतः दवाखान्यात आलेल्या रुग्णांची होती. जी बाई संकोचापोटी किंवा पैशाअभावी दवाखान्याची पायरीच चढली नाही, ती त्या आकड्यांत येणार कुठून? म्हणजे दवाखान्यातले असे आणखी शंभर अभ्यास झाले असते, तरी गावातल्या किती बायकांना हे आजार आहेत, ते कळलं नसतं. गॅप होता तो इथं.

म्हणून त्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत, तक्रार असो वा नसो, ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही समजूत या आकड्यांपुढे टिकणारी नव्हती. अर्थात, दोन गावांवरून देशाचा आकडा सांगता येत नाही. ही त्या अभ्यासाची मर्यादा, आणि पुढच्या संशोधकासाठी नवा गॅप.

आता तुझा विषय घे. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताईंनी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी सहा भेटी द्यायच्या असतात. पण ओली बाळंतीण त्याच काळात ऊसतोडीला गेली तर? नाव गावच्या वहीत, बाळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर. मग राहिलेल्या भेटी कोण देतं? निव्वळ गावच्या नोंदी चाळून हे कळणार नाही. फडावरच जावं लागेल. उत्तर मिळालं, तर या भेटींची जबाबदारी कोणावर टाकायची, हे आरोग्य खात्याला ठरवता येईल.

मात्र यावर आधी कोणी काम केलंय का, ते कसून शोध. झालेल्या अभ्यासांत ‘मर्यादा’ हा भाग पहिल्यांदा वाच. मग तीनच वाक्यं लिही: काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि का, ते कळल्यानं कोणता निर्णय बदलेल. तिसरं वाक्य जमलं नाही, तर विषय बदल. सिनॉप्सिस अजून तुझ्याच हातात आहे.

तुझी,
मॅडम