एका बिटाचा प्रवास

दोन संदेश घ्या. प्रत्येक १२८ बिटांचा, म्हणजे १६ बाइटांचा. दोन्ही तंतोतंत सारखे, फक्त पहिल्या बाइटमधला शेवटचा बिट एकात ० आहे आणि दुसऱ्यात १. दोघांना एकच किल्ली वापरून एईएसमधून बाहेर काढलं, की हाती येणाऱ्या दोन सांकेतिक मजकुरांमध्ये साधारण निम्मे, म्हणजे ६४च्या आसपास बिट वेगळे निघतात. ते दोन मजकूर मुळात जवळजवळ एकच होते, असा संशयही कोणाला येत नाही. वाय-फायपासून वॉट्सअ‍ॅपपर्यंत आपली गुपितं याच पद्धतीवर विसंबून आहेत, म्हणून त्या एका बिटाचा आतला प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

या प्रवासामागचा विचार क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाचा. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात त्याने चांगल्या गुप्तलेखनाकडून दोन गोष्टी मागितल्या. पहिली कन्फ्युजन : किल्ली आणि सांकेतिक मजकूर यांचं नातं इतकं गुंतागुंतीचं असावं, की मजकूर कितीही तपासला तरी किल्लीकडे जाणारं सोपं समीकरण मांडता येऊ नये. दुसरी डिफ्युजन : मूळ मजकुरातल्या प्रत्येक बारीक तुकड्याचा परिणाम सगळ्या मजकुरावर पसरावा, म्हणजे भाषेतल्या नेहमीच्या अक्षरांचे, शब्दांचे ठसे शोधून काही हाती लागू नये. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन यांनी या दोन्ही मागण्या पुऱ्या करणारी ‘रिनडाल’ ही पद्धत रचली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने खुल्या स्पर्धेतून २००० साली तिची निवड केली आणि २००१ साली ती एईएस या नावाने मानक झाली.

एईएस १६ बाइट चार ओळी आणि चार स्तंभांच्या चौकोनात भरतं, स्तंभ वरून खाली असे. सुरुवातीला त्यात किल्ली मिसळली जाते आणि मग फेऱ्या सुरू होतात. १२८ बिटांच्या किल्लीला १०, १९२ला १२, २५६ला १४. शेवटची फेरी सोडून प्रत्येक फेरीत चार कामं ठरलेल्या क्रमाने होतात; शेवटच्या फेरीत मिक्सकॉलम्स नसतं.

आपला बिट पहिल्या घरात आहे. किल्ली मिसळल्यावर त्या घरात एका संदेशात ० हा आकडा आला आणि दुसऱ्यात १, असं धरू. पहिलं काम सबबाइट्स. २५६ नोंदींच्या एका कायम तक्त्यात पाहून प्रत्येक बाइटच्या जागी दुसरा बाइट ठेवायचा. तक्ता गुप्त नाही, कोणीही तो छापील मानकात पाहू शकतं. त्यात ०च्या जागी ९९ आणि १च्या जागी १२४ आहे. बिटांमध्ये लिहिलं तर ०११०००११ आणि ०१११११००. एका बिटाचा फरक पाच बिटांचा झाला. पण त्या घरात ० आणि १ऐवजी २ आणि ३ असते तर? फरक तेवढाच, तोच शेवटचा बिट. तक्ता मात्र ११९ आणि १२३ देतो, आणि हे दोन आकडे दोनच बिटांत वेगळे आहेत. कन्फ्युजन म्हणतात ते हेच. आत जाणारा फरक माहीत असूनही बाहेर कोणता फरक येईल हे सांगता येत नाही, कारण ते त्या घरातल्या खऱ्या आकड्यावर अवलंबून असतं आणि तो आकडा गुप्त किल्लीने ठरवलेला असतो. तक्ता असा निवडला आहे, की कोणताही एक फरक दिला तर ठरावीक दुसरा फरक मिळण्याची शक्यता २५६मध्ये ४पेक्षा जास्त नाही.

दुसरं काम शिफ्टरोज. पहिली ओळ जागेवर राहते, दुसरी एक घर, तिसरी दोन आणि चौथी तीन घरं डावीकडे सरकते. आपलं घर पहिल्या ओळीत असल्यामुळे सध्या हलत नाही. तिसरं काम मिक्सकॉलम्स. इथे स्तंभातले चारही बाइट एकमेकांत मिसळतात. पहिल्या घरातला फरक २, १, १ आणि ३ने गुणून चार घरांत पोचतो. गुणाकार नेहमीचा नसतो, बिट सरकवून आणि एक्सॉर करून केलेला असतो. (एक्सॉर म्हणजे दोन बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १.) आपल्या उदाहरणात चार घरांत अनुक्रमे ५, ५, ५ आणि २ बिट वेगळे होतात, एकूण १७. घरात २ आणि ३ असते तर ते ८च झाले असते. शेवटचं काम अ‍ॅडराउंडकी : मूळ किल्लीतून काढलेली त्या फेरीची वेगळी किल्ली एक्सॉरने मिसळायची. दोन्ही संदेशांत ती सारखीच मिसळल्यामुळे फरक तसाच राहतो.

दुसऱ्या फेरीत शिफ्टरोजचं महत्त्व दिसतं. वेगळी झालेली चार घरं एकाच स्तंभात होती. ओळी सरकल्यावर ती चार वेगवेगळ्या स्तंभांत जातात, आणि मिक्सकॉलम्स प्रत्येक स्तंभ ढवळतं. दोन फेऱ्यांत एका बिटाचा परिणाम सोळाही घरांत पोचतो.

यातलं एकेक काम काढून पाहिलं, की रचनेची खरी पारख होते. मिक्सकॉलम्स नसेल तर प्रत्येक बाइट एकटाच प्रवास करतो, आणि निवडून पाठवलेल्या २५६ संदेशांत शत्रूला सोळाही घरांचे पूर्ण तक्ते मिळतात. सबबाइट्स नसेल तर गत त्याहून वाईट. उरलेली सगळी कामं एक्सॉरच्या सरळ गणितात बसतात, कितीही फेऱ्या केल्या तरी. किल्लीचा सगळा परिणाम शेवटी एका १२८ बिटांच्या ठरावीक आकड्यात गोळा होतो. मूळ आणि सांकेतिक मजकुराची एक जोडी हाती लागली, की तो आकडा निघतो आणि त्या किल्लीने लिहिलेलं सगळं उघडं पडतं. पसरवणं उत्तम असूनही गुपित राहत नाही. म्हणूनच शॅननने दोन्ही मागितलं होतं.

दोन्ही एकत्र आले की काय होतं, हे डेमन आणि रायमन यांनी सिद्ध करून दाखवलं. दोन संदेशांतल्या फरकाचा माग काढणाऱ्या हल्लेखोराला कोणत्याही चार फेऱ्यांत सबबाइट्सच्या निदान २५ तक्त्यांमधून जावं लागतं. प्रत्येक ठिकाणी अंदाज बरोबर येण्याची शक्यता जास्तीत जास्त ६४त एक, आणि असे २५ अंदाज ओळीने बरोबर यायला हवेत. माझ्या मते एईएसची खरी ताकद या हिशेबात आहे.

मात्र हा फैलाव १६ बाइटांच्या चौकोनाबाहेर जात नाही. लांब मजकुराचे १६-१६ बाइटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे एईएसमधून काढला, तर सारख्या तुकड्यांतून सारखाच सांकेतिक मजकूर निघतो आणि चित्राच्या फाइलमध्ये मूळ आकृतीची बाह्यरेषा दिसत राहते. या पद्धतीला ईसीबी म्हणतात. पुन्हा पुन्हा येणारे सारखे तुकडे ही तिची खूण. एप्रिल २०२०मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला झूमच्या व्हिडिओ कॉलमध्ये एईएस याच ईसीबी पद्धतीने वापरलेलं आढळलं. काही आठवड्यांतच झूमने २५६ बिटांच्या किल्लीचं एईएस आणि जीसीएम पद्धत स्वीकारली. त्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा क्रमांक एईएसमधून काढला जातो, त्यामुळे सारखे तुकडे बाहेर सारखे दिसत नाहीत.