शांत हवेतली धावपळ

पंखा बंद असलेल्या खोलीत, २७ अंश सेल्सिअस तापमानाला, हवेतले नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५१७ मीटर वेगाने धावत असतात. तरीही वारा जाणवत नाही, कारण ते सगळ्या दिशांना धावतात आणि दिशेसह सरासरी शून्य येते. म्हणून प्रत्येक वेगाचा वर्ग करून, त्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतात.

तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. त्यामुळे वेग दुप्पट व्हायला केल्विनमधले तापमान चौपट लागते: ३०० चे १२००, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस. २७ चे ५४ अंश केले, तर वेग जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो.