एक्कावन्न भोकांचं पापलेट

"मावशी, सुई आत जातच नाही गं."

भाचीनं फेल्टचे दोन थर चिमटीत धरले होते आणि बोथट सुई अंगठ्यानं दाबून दाबून तिचा अंगठा लाल झाला होता. फेल्ट मधोमध खळगा पडून दबत होतं, वरचा थर पुढे सरकत होता, खालचा जागच्या जागी. शेवटी सुई एकदाची घुसली, ती भलत्याच ठिकाणी. तिचं वय दहा. शिवणाचा हा पहिलाच दिवस. सशाचा नमुना मीच काढून दिला होता, त्यामुळे चूक तिची नव्हती, माझी होती.

लहान मुलांच्या हाती बोथट टोकाची सुई द्यावी हे सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण ही सुई मुळात कापड भोसकण्यासाठी केलेली नसते. जाळीदार कॅनव्हासवर लोकरीचं भरतकाम करताना किंवा स्वेटरचे तुकडे जोडताना ती आयत्या फटीतून जाते. दुकानात टेपेस्ट्री नीडल किंवा लोकरीची सुई म्हणून मिळते ती हीच. फेल्टमध्ये मात्र अशी फट नसते. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे असतात आणि सुई त्यांना बाजूला सारून वाट काढते. फेल्ट विणलेलंच नसतं. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवले की फेल्ट होतं. काश्मीरचा नमदा असाच बनतो. आपली घोंगडी लोकरीचीच, पण ती मागावर विणलेली. स्टेशनरीच्या दुकानातल्या रंगीत फेल्टचे तंतू बहुतेक वेळा कृत्रिम असतात आणि ते काटेरी सुयांनी टोचून टोचून गुंतवतात. म्हणूनच फेल्ट कुठेही कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत आणि काठ दुमडावा लागत नाही. नवशिक्याला हे फार सोयीचं. पण याच गुंत्यामुळे बोथट टोक अडतं.

यावर उपाय म्हणजे मोठ्यांनी आधी भोकं पाडून द्यायची आणि मुलानं त्यांतून शिवायचं. काहींना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही. दहा वर्षांच्या हाताला एकाच वेळी जोर लावणं, नेम धरणं आणि दोरा ओढणं जमत नाही. जोर आणि नेम आपण आपल्याकडे घेतले की ओढ तेवढी त्याच्याकडे उरते, आणि शिवण शिकायचं म्हणजे पहिल्यांदा ओढच शिकायची असते.

ससाही चुकलाच होता. कान अरुंद, पाय अरुंद, मान अरुंद, आणि अशा जागी कापूस पोचत नाही. सोपा नमुना म्हणजे कमी तुकड्यांचा, एवढंच लोक बघतात. मी आधी बघते ती खेळण्याची सगळ्यात अरुंद जागा. तिथं बोट आत जात नसेल तर नमुना बदलायचा. कोकणात वाढलेल्या मुलीला कोणता मासा काढूया हे विचारावंच लागलं नाही. पापलेट जवळजवळ गोल असतं, त्याला मान नाही की पाय नाहीत. शेपूट आहे, पण ती चपटीच असते, म्हणून ती भरायचीच नाही असं आम्ही ठरवलं. अंग साडेअकरा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, आणि मागे चार सेंटिमीटरची शेपूट.

फेल्ट मऊ घ्यावं. कार्डासारखं ताठ फेल्टही मिळतं, ते नावांच्या पाट्या करायला चांगलं, पण खेळण्याला नको. राखाडी रंगाचे दोन चौकोन घेतले आणि एकावर बॉलपेननं मासा काढला. तो लगेच कापला नाही. आधी शिवायचं आणि मग कापायचं, हे मला उशिरा सुचलं. दोन थर वेगवेगळे कापले तर मुलाच्या कात्रीनं ते कधीच सारखे होत नाहीत, आणि मग काठ जुळवताना टाके ओढले जातात. चौकोन तसाच ठेवला की त्याला धरायला चार कोपरे मिळतात आणि शेवटी दोन्ही थर एकाच कात्रीखाली जातात. म्हणून दोन रेघा काढल्या. बाहेरची कापायची, आणि तिच्या आत पाच मिलिमीटरवर शिवायची.

डोळे मात्र थर एकत्र करण्याआधी. हे दर वेळी विसरलं जातं. भरलेल्या माशाला डोळा शिवायचा म्हणजे गाठ लपवायला जागा उरत नाही. दोन्ही थर एकावर एक ठेवून टाचणी आरपार घातली, दोन्हीकडे खूण केली आणि प्रत्येक थरावर काळ्या दोऱ्याची एक फुली घातली. घरात तान्ह्या भावंडाचं येणं-जाणं असल्यानं बटण किंवा मणी लावला नाही.

मग भोकं. दोन्ही थर कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट धरले आणि खाली जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवला. मी बारीक दाभण वापरते, कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोकही चालतं. टोचणं माझ्याकडे, मोजणं तिच्याकडे. दोन भोकांत सहा मिलिमीटर. माशाच्या अंगाभोवतीची आतली रेघ तीस सेंटिमीटरच्या थोडी वर भरली, म्हणजे पन्नास-एक भोकं. मी 51 पाडायची ठरवली, त्याचं कारण पुढे येईल. दोन्ही थर एकदमच टोचायचे. वेगवेगळे टोचले तर कुठेतरी एखादं भोक कमी-जास्त होतं आणि ते शेवटच्या टाक्यापर्यंत कळत नाही. आणि सगळी भोकं एकदम पाडून ठेवू नयेत. फेल्टचे तंतू हळूहळू पुन्हा जवळ येतात आणि तासाभरानं भोक बुजल्यासारखं होतं. मी तिच्यापुढे दहाच भोकं ठेवत होते.

दोरा भरतकामाच्या लडीचा, सहा पदरी, सगळे पदर तसेच ठेवलेला. लांबी तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, जेमतेम चाळीस सेंटिमीटर. मुलांना लांब दोरा हवा असतो, कारण पुन्हा ओवायचा कंटाळा. पण हात जेवढा लांब जातो त्याहून दोरा लांब झाला की तो स्वतःभोवती पिळतो आणि गाठ बसते. ओवताना दोरा सुईवर दुमडायचा, चिमटीत दाबायचा आणि ती घडी नेढ्यात सरकवायची. थुंकी लावून टोकदार करण्यापेक्षा हे लवकर जमतं.

सुरुवात शेपटीवर. तिथं मी पाच-पाच भोकांच्या दोन सरळ ओळी पाडल्या होत्या. साधा धावदोरा, वरून खाली, खालून वर. त्या ओळी माशाच्या शेपटीवर शोभतात आणि सरावही होतो. पहिल्या ओळीत तिनं दोरा इतका ओढला की शेपटीला चुण्या पडल्या. मी काही बोलले नाही, तिलाच तिथून बोट फिरवायला सांगितलं. टाका फेल्टच्या आत रुतून काठ वर उचलला गेला की ओढ जास्त झाली. टाक्याखालून सुईचं टोक सहज फिरतं तेव्हा ती कमी. टाका फेल्टवर नुसता टेकलेला असावा. दुसरी ओळ सपाट बसली. तेवढ्यात बोटाला कळलं होतं.

मुलांचा आणखी एक प्रश्न म्हणजे खालून वर येताना भोक सापडत नाही. ती अंदाजानं टोचत राहतात आणि बोथट सुई कुठेच जात नाही. चौकोन खिडकीसमोर धरला की दोन्ही थरांतून उजेडाचा ठिपका दिसतो. तिनं प्रत्येक टाक्याला खिडकीकडे तोंड केलं, आणि विसाव्या भोकापर्यंत ते आपोआप थांबलं.

पोटाखालून सुरुवात करून तिनं 43 भोकं शिवली. पहिली गाठ दोन थरांच्या मध्ये. मधे दोरा संपला तेव्हा नवी गाठही तशीच आत लपवली. उरलेल्या आठ भोकांची फट भरण्यासाठी ठेवली. मग कात्री. इथं फेल्ट फिरवायचं, कात्री नाही, आणि लोंबता दोरा आधी बाजूला घ्यायचा. भरायला जुन्या उशीतला तंतूंचा कापूस घेतला. साधा कापूस पुढे गोळा होऊन बसतो. बोराएवढे पुंजके, प्रत्येक मोकळा करून, आधी डोक्याकडे आणि मग कडांना, पेन्सिलच्या मागच्या टोकानं ढकलत. एकदम मूठभर कोंबला तर मधे गाठोडं होतं आणि कडा पोकळ राहतात. मासा दाबून सोडल्यावर हळूच वर आला की पुरे.

फट शिवून झाली तरी धावदोऱ्यात एक टाका वर आणि एक खाली असतो. वरच्या मोकळ्या जागांतून कापूस डोकावतो. म्हणून त्याच भोकांतून दुसरी फेरी. एकूण भोकं विषम असली तर गंमत होते. शेवटच्या भोकातून दोरा वर येतो आणि पहिल्यात खाली जातो, म्हणजे दुसऱ्या फेरीचे टाके आपोआप मोकळ्या जागांवर बसतात आणि सलग रेघ तयार होते. संख्या सम असेल तर दोरा आधीच्याच टाक्यांवरून जात राहतो. 51 म्हणजे एवढंच.

आणि तिचा दोरा आधीच्याच टाक्यांवरून जायला लागला.

"मावशी, तू चुकून पन्नास पाडलीस." आम्ही पुन्हा मोजली, 51 होती. म्हणजे शिवताना एक भोक सुटलं असणार. तिनं माशाच्या कडेनं बोट फिरवत नेलं आणि शेपटीजवळ ते सापडलं. तिथं एक टाका बाकीच्यांच्या दुप्पट लांब होता आणि त्याखाली रिकामं भोक. आता तिथपर्यंत उसवायचं म्हणजे भरलेला मासा उघडणं. पण सम संख्येला एक वाट असते. पहिल्या भोकातून वर आलेला दोरा पुढच्यात घालायचा नाही. उलट फिरायचं, शेवटच्या भोकात खाली जायचं आणि आल्या वाटेनं मागे मागे यायचं. मग मोकळ्या जागा भरतात. तिनं कागदावर दहा ठिपके काढून ते आधी पेन्सिलनं करून पाहिलं, मगच सुई हातात घेतली.

उलटी फेरी संपवायला तिला पाऊण तास लागला. शेवटची गाठ टाक्याबाहेरच्या पाच मिलिमीटरच्या ओठात, दोन थरांच्या मध्ये गेली. शेपटीजवळचा तो लांब टाका तसाच आहे. शाळेत कुणी विचारलं की ती सांगते, इथं एक भोक राहिलंय, बोट लावून बघ.