बेदाण्याचे तीन कागद

तासगावचा बेदाणा न्हावा शेवा बंदरातून परदेशी निघाला की त्याच्यासोबत तीन कागद फिरतात. कमर्शियल इन्व्हॉइस मालाची किंमत सांगते, पॅकिंग लिस्ट कोणत्या खोक्यात काय आहे ते सांगते आणि जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग कंपनीने काय ताब्यात घेतले ते नोंदवते. तिन्ही शेजारी ठेवून वाचताना सुरुवात पॅकिंग लिस्टपासून करावी, कारण बाकी दोन्ही कागदांचे आकडे तिथे येऊन जुळतात.

समजा, १० किलोची १,००० खोकी १० पॅलेटांवर रचली आहेत. नेट वजन १०,००० किलो. भरलेले खोके १०.५ किलोचे, म्हणून ग्रॉस १०,५०० किलो. बिल ऑफ लेडिंगवर मात्र ‘१० पॅलेट, १०,७०० किलो’ असे छापलेले असते. ही चूक नाही. प्रत्येक पॅलेट २० किलोचे असेल, तर वरचे २०० किलो लाकडाचे आहेत. मात्र ‘१० पॅलेटांवर १,००० खोकी’ ही ओळ आणि पॅलेटांचे वजन पॅकिंग लिस्टमध्ये नसेल, तर आयातदाराच्या बँकेला हा फरक विसंगती वाटू शकतो. रिकाम्या कंटेनरचे वजन या आकड्यात नसते. ते १ जुलै २०१६ पासून सक्तीच्या झालेल्या व्हीजीएम दाखल्यात धरले जाते.

इन्व्हॉइसचा दर किलोला २.१० डॉलर असेल, तर तो नेट वजनानेच गुणायचा: २१,००० डॉलर. एकूण रक्कम २२,०५० दिसली, तर कोणीतरी ग्रॉस वजन धरले आहे. दर सीआयएफ असेल, तर त्यात जहाजभाडे आणि विमाही आला. शिपिंग बिलात एफओबी किंमत दाखवताना ते वजा होतात, त्यामुळे तिथला आकडा कमी दिसणारच. बिल ऑफ लेडिंगवर मालाची किंमत सहसा नसतेच. तिथे ती शोधत बसू नये.

खरी चूक बेरजेत लपते. पॅकिंग लिस्टच्या तळाशी १,००० खोकी लिहिलेली असतात, पण सातव्या पॅलेटपुढे ९८ असते. बेरीज ९९८ येते, नेट २० किलोंनी घटते आणि इन्व्हॉइसमध्ये ४२ डॉलर जास्त लागतात. इथे वजनकाटा फारसा उपयोगी पडत नाही, कारण भरलेल्या ट्रकच्या वजनात २१ किलोंचा फरक सहज विरून जातो. बिल ऑफ लेडिंगवरचा हजाराचा आकडाही साक्ष म्हणून कच्चाच. कारखान्यात सील झालेला कंटेनर जहाज कंपनी उघडत नाही. ‘माल भरणाऱ्याची मोजणी’ अशा अर्थाचा शेरा मारून निर्यातदाराचाच आकडा ती उतरवते. म्हणजे तिन्ही कागद जुळले, तरी ते एकाच माणसाने सांगितलेले असू शकतात. पडताळा घ्यायचा तो कंटेनर भरताना पॅलेटनिहाय केलेल्या नोंदीशी, आणि तोही बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मंजूर करण्यापूर्वी. मूळ प्रत निघाल्यावर दुरुस्तीचा वेगळा आकार भरावा लागतो.