माशांमधला पारा: आकार, वय आणि समुद्राची खोली

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे एक नॅनोग्रॅमही पारा नसतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. याच समुद्रात फिरणाऱ्या तलवार माशाच्या एक किलो मांसात मात्र सरासरी एक मिलिग्रॅम पारा सापडतो. म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याचे प्रमाण किमान दहा लाख पट वाढलेले असते. तारलीच्या तेवढ्याच मांसात तो तलवार माशाच्या सत्तराव्या हिश्शाहूनही कमी असतो. समुद्र एकच असताना दोन माशांत इतका फरक का पडतो, हे समजले की कोणता मासा निर्धास्तपणे खावा आणि कोणता जपून, हेही आपोआप उलगडते.

पारा समुद्रात येतो तो मुख्यतः हवेतून. ज्वालामुखी तो बाहेर टाकतातच, पण गेल्या दीडदोनशे वर्षांत माणसाने त्यात मोठी भर घातली आहे. दगडी कोळशात पाऱ्याचा अंश असतो आणि कोळसा जळला की तो वाफ होऊन उडतो. अनेक गरीब देशांत सोन्याच्या लहान खाणींवर मातीत पारा मिसळून सोन्याचे कण धरतात आणि नंतर तो गोळा तापवून पारा उडवून लावतात. ही वाफ हवेत कित्येक महिने राहते, वाऱ्याबरोबर खंड ओलांडते आणि पावसाबरोबर खाली येते. त्यामुळे कारखान्यांपासून कोसो दूर असलेल्या समुद्रातले मासेही पाऱ्यापासून पूर्णपणे मुक्त नाहीत.

पावसातून उतरलेला पारा ज्या रूपात असतो, त्या रूपात तो प्राण्यांच्या शरीरात फारसा टिकत नाही. खरा बदल घडवतात ते सूक्ष्मजीव. तळाच्या गाळात आणि समुद्राच्या मधल्या थरांत, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथे काही जिवाणू पाऱ्याच्या अणूला कार्बनचा एक छोटा गट जोडतात आणि मिथाइल मर्क्युरी तयार होते. हे काम जिवाणूंची कोणती जनुके करतात, याचा शोध २०१३ मध्ये लागला. मिथाइल मर्क्युरी प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटते. आतड्यात पोहोचली की तिचा जवळजवळ सगळा अंश रक्तात शोषला जातो. ज्या अमिनो आम्लाला ती चिकटते, त्याच्यासह तिची घडण शरीराला रोज लागणाऱ्या मेथिओनिन या अमिनो आम्लासारखी होते. म्हणून शरीर तिला अडवत नाही, उलट मेंदूत आणि वारेतून गर्भापर्यंत स्वतःच वाहून नेते.

पाऱ्याची सगळ्यात मोठी उडी मोठ्या माशात होत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती होते पाण्यातून सूक्ष्म वनस्पती-प्लवकात जाताना. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशींमध्ये मिथाइल मर्क्युरीचे प्रमाण आजूबाजूच्या पाण्याच्या हजारो पट होते. वनस्पती-प्लवक खाणारे प्राणी-प्लवक, ते खाणारी तारली आणि तारली खाणारा मोठा मासा अशा पुढच्या प्रत्येक पायरीवर ते आणखी काही पटींनी वाढत जाते. मासा खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा खर्च करतो आणि बरेचसे टाकाऊ बाहेर टाकतो, पण मिथाइल मर्क्युरी फार सावकाश बाहेर पडते. निम्मा साठा निघून जायला माशाला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. रोज नवी भर पडत राहिली, तर साठा कमी होण्याची वेळच येत नाही.

इथेच वयाचा प्रश्न येतो. ‘मोठा मासा म्हणजे जास्त पारा’ हा नियम कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण तो फसवतोही. ऑरेंज रफी नावाचा नारिंगी मासा न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात मिळतो. त्याचे वजन सहसा एकदोन किलोच्या घरात असते, म्हणजे मध्यम सुरमईपेक्षाही कमी. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींत त्याच्या एका किलोत सरासरी सुमारे ०.५७ मिलिग्रॅम पारा आढळतो. कारण तो शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि वयात यायलाच त्याला तीसेक वर्षे लागतात. जाळ्यात आलेला हा छोटा मासा बहुधा तो पकडणाऱ्याहून वयाने मोठा असतो. सामन मासा याच्या अगदी उलट आहे. तो वजनाने ऑरेंज रफीच्या कितीतरी पट असला तरी त्याच्या एका किलोत ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपासच पारा असतो. तो काही वर्षांतच झपाट्याने वाढतो, त्यामुळे आत गेलेला थोडासा पारा भराभर वाढणाऱ्या मांसात विरळ होत जातो.

तिसरे कारण म्हणजे समुद्राची खोली. ट्यूना मासे, म्हणजे कोकणात कुपा किंवा गेदर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माशांचे गोत, याचे उत्तम उदाहरण आहे. पिवळ्या पराचा ट्यूना आणि मोठ्या डोळ्यांचा ट्यूना आकाराने बरेचसे सारखे असतात आणि हवाई बेटांजवळ एकाच पाण्यात सापडतात. पण पिवळ्या पराचा ट्यूना वरच्या, उजेडाच्या थरात शिकार करतो. मोठ्या डोळ्यांचा ट्यूना दिवसा तीनशे ते पाचशे मीटर खोल उतरतो. नेमक्या याच थरांत प्राणवायू कमी असतो आणि वरून पडणारा जैविक कचरा कुजत असताना जिवाणू मिथाइल मर्क्युरी तयार करत असतात. हवाईजवळच्या माशांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले, की जितक्या खोलवर चरणारा मासा, तितका त्याच्यात पारा जास्त, आणि त्याच्या भक्ष्यातही जास्त. बाजारातल्या नमुन्यांतही हा फरक टिकतो. पिवळ्या पराच्या ट्यूनात किलोमागे सरासरी ०.३५ मिलिग्रॅम, तर मोठ्या डोळ्यांच्या ट्यूनात जवळजवळ ०.६९. मोठ्या डोळ्यांचा ट्यूना जास्त वर्षे जगतो, हेही यामागचे एक कारण आहे. याच गोतातला लहान, लवकर वयात येणारा स्किपजॅक ट्यूना ०.१४ वर थांबतो. डबाबंद ‘लाइट’ ट्यूना बहुतांशी स्किपजॅकचा असतो, म्हणून तो तुलनेने सुरक्षित ठरतो.

हे आकडे ताटात उतरवले की त्यांचा अर्थ कळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल मर्क्युरीसाठी ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती ८८ मायक्रोग्रॅम होते. तिने तलवार माशाचा दीडशे ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला, तर सुमारे १५० मायक्रोग्रॅम पारा पोटात जातो, म्हणजे एकाच जेवणात आठवड्याची मर्यादा ओलांडली जाते. मोठ्या डोळ्यांच्या ट्यूनाच्या तेवढ्याच तुकड्यातून शंभराच्या वर जातो. तारलीच्या दीडशे ग्रॅममधून मात्र दोनच मायक्रोग्रॅम. रोज दोन वेळा तारली खाल्ली तरी ती स्त्री मर्यादेच्या बरीच आत राहते. ही मर्यादा गर्भातल्या वाढत्या मेंदूचा विचार करून आखलेली आहे. त्यामुळे कधीतरी ती ओलांडली म्हणून धडधाकट प्रौढाला लगेच विषबाधा होत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या मासळीबाजारात रोज विकले जाणारे बरेच मासे सुरक्षित बाजूला येतात. बांगडा आणि तारली प्लवकावर जगतात. मांदेली आणि कोळंबी अन्नसाखळीच्या खालच्या पायऱ्यांवर आहेत. अमेरिकी प्रशासनाच्या ‘टाळा’ यादीतला किंग मॅकरल आणि आपला बांगडा यांना मॅकरल हे इंग्रजी नाव समान असल्यामुळे गल्लत होते आणि बांगड्याविषयी उगाच भीती पसरते. किंग मॅकरल हा सुरमईचा अटलांटिकमधला भाऊबंद आहे. त्याचा आकडा सुरमईला जसाच्या तसा लावता येत नाही, पण सुरमईही लहान माशांचा पाठलाग करणारी शिकारी आहे. म्हणून गरोदर स्त्रीने ती अधूनमधून आणि लहान आकाराची खावी, हे बरे. मुशी-मोरीबाबत अधिक सावध राहायला हवे. शार्क सावकाश वाढतात आणि दीर्घकाळ जगतात. भारताच्या किनारपट्टीवर अनेक ठिकाणी बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची पद्धत आहे. हातभर लांबीच्या लहान मुशीत मोठ्या शार्कइतका पारा नसतो, आणि आईच्या दुधातून बाळाला मिळणारा पारा वारेतून मिळणाऱ्यापेक्षा कमी असतो. पण मोठ्या शार्कचे तुकडे या काळात टाळलेलेच चांगले.

पारा काय करू शकतो, हे जगाने जपानमधल्या मिनामाता येथे पाहिले. तिथल्या रासायनिक कारखान्याने मिथाइल मर्क्युरी थेट खाडीत सोडली होती. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. तोल जाणे, बोबडे बोलणे, नजरेचा पल्ला आकसणे ही त्याची लक्षणे होती आणि आईला फारसा त्रास नसतानाही बाळे मेंदूच्या गंभीर विकारांसह जन्मली. खुल्या समुद्रातल्या माशांमुळे असे होत नाही. तिथे शंका आहे ती सूक्ष्म परिणामांची. फेरो बेटांवर पायलट व्हेलचे मांस खाल्ले जात असे. तिथल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना गर्भात जास्त पारा मिळाला होता त्यांची भाषा, अवधान आणि स्मरण किंचित कमी पडत असल्याचे आढळले. सेशेल्स बेटांवर मात्र गरोदर स्त्रिया जवळजवळ रोज मासे खात, तरी मुलांमध्ये सातत्याने दिसेल असे नुकसान सापडले नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तर गरोदरपणी मासे फार कमी खाल्लेल्या स्त्रियांच्याच मुलांची शाब्दिक बुद्धी मागे पडलेली दिसली. माशांतली मेदाम्ले मेंदूच्या घडणीला लागतात. पाऱ्याच्या भीतीने सगळेच मासे सोडले, तर तेही नुकसानच ठरते. म्हणूनच आताच्या शिफारशी ‘मासे कमी खा’ असे न म्हणता ‘मासा निवडून खा’ असे सांगतात.

माशात पारा किती आहे, हे बाजारात ओळखता येत नाही. लाल कल्ले, चकचकीत डोळे आणि घट्ट मांस या खुणा ताजेपणा सांगतात, पाऱ्याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. स्वयंपाकघरातही तो काढता येत नाही. काही विषारी द्रव्ये चरबीत साठतात, ती कातडी आणि चरबी काढून कमी करता येतात. मिथाइल मर्क्युरी मांसाच्या प्रथिनांना बांधलेली असल्याने धुणे, मीठ-कोकम लावणे, तळणे यापैकी कशानेही ती जात नाही. उलट तळताना पाणी उडून जाते आणि उरलेल्या मांसात तिचे प्रमाण ग्रॅममागे थोडे वाढते. चांगली बाजू अशी, की याच कारणाने शुद्ध केलेल्या माशाच्या तेलात पारा नगण्य असतो.

माणसाच्या शरीरात मात्र ती मोजता येते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातली मिथाइल मर्क्युरी त्याच्यात अडकते. त्यामुळे मुळापासून सहा सेंटीमीटरवरचा केस सहा महिन्यांपूर्वीच्या आहाराची नोंद देतो. शरीरातला साठा निम्म्यावर यायला सरासरी पन्नासेक दिवस लागतात. शंभर दिवसांत तो चौथ्या हिश्शावर येतो आणि सहा महिन्यांत दहाव्या हिश्शाच्याही खाली जातो. गर्भाच्या मेंदूची घडण मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते, बहुतेकदा दिवस गेल्याचे कळण्याच्या आधीच. म्हणून मोठे शिकारी मासे टाळण्याचा सल्ला केवळ गरोदर स्त्रियांना नव्हे, तर पुढच्या वर्षभरात मूल व्हावे असे ठरवलेल्या स्त्रियांनाही दिला जातो.